पिक्चर पाठवतं कोण?

"मामा, अमेरिकेतून पिक्चर आपल्या टीव्हीवर यायला किती वेळ लागतो?"

साताऱ्याच्या माझ्या भाचीचा हा प्रश्न. ती सहावीत आहे. तिच्या डोक्यातली कल्पना अशी होती: परदेशात कुठेतरी कंपनीचा भलामोठा संगणक आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. आपण इकडे बटण दाबलं की तो तिकडून पिक्चर सोडतो आणि पिक्चर वायरीतून वाहत वाहत आपल्या हॉलमध्ये येतो. तिची कशाला, तिच्या आईबाबांची कल्पनाही फारशी वेगळी नव्हती. केबल टीव्हीच्या काळात ती चुकीचीही नव्हती. केबलवाला खरोखरच वाहिनी सोडत असे आणि आपण ती बघत असू.

माझं पोट व्हिडिओच्या याच कामावर चालतं. त्यामुळे दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटता आलं असतं. पण पोरगी चौकस आहे, सांगितलेलं तिला पटत नाही, करून बघितलेलं पटतं. म्हणून मी तिला लॅपटॉपवर यूट्यूबवर एक जुना मराठी चित्रपट लावायला सांगितला आणि पाच मिनिटांनी म्हटलं, "जा, राउटरचा स्विच बंद कर."

तिने केला. चित्रपट चालूच राहिला. ती एकदा राउटरकडे बघे, एकदा पडद्याकडे. अर्धं मिनिट झालं, त्याहून थोडं जास्तच झालं, नायिकेचं वाक्य पूर्ण झालं आणि मग कुठे चित्र थांबून मधोमध गोल फिरायला लागलं.

"म्हणजे तेवढा पिक्चर आधीच आला होता?"

होता. पुन्हा राउटर चालू करून मी तिला चित्रावर उजवी टिचकी मारायला लावली. तिथे `Stats for nerds` अशी एक ओळ दिसते. ती निवडली की कोपऱ्यात आकड्यांची काळी पाटी उघडते. त्यातल्या `Buffer Health` या ओळीसमोर सेकंद लिहिलेले असतात. पुढचा किती सेकंदांचा चित्रपट आपल्या यंत्रात येऊन पडला आहे, तो हा आकडा. भाचीने तो नीट निरखला. तो एकसारखा वाढत नव्हता. हळूहळू उतरायचा, मग एकदम उडी मारून वर जायचा, पुन्हा उतरायचा. पाणी जर सतत वाहत येत असतं, तर असं झालं नसतं.

तिच्याच गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण मी दिलं. नगरपालिकेचं पाणी येतं तासभर, पण नळ दिवसभर चालतो, कारण मधे टाकी आहे. टाकी रिकामी होईपर्यंत पाणी गेल्याचं घरात कळतसुद्धा नाही. फरक एवढाच, की इथे पाणी कधी सोडायचं ते नगरपालिका ठरवत नाही. टाकीच मागणी करते.

सगळ्या प्रकाराची मेख इथेच आहे. चित्रपट कुणी पाठवत नाही. टीव्हीतलं अॅप तो मागतं, तुकड्या-तुकड्याने मागतं, आणि कुठला तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा हेही तेच ठरवतं. सर्व्हर बिचारा मागितलेला तुकडा काढून देतो आणि गप्प बसतो.

आता हे तुकडे कसे होतात ते बघू. त्यासाठी आधी चित्रपटाचं वजन कळायला हवं, म्हणून आम्ही वही काढली. फुल एचडी पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. गुणाकार केला तर वीस लाखांच्या वर जातो. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरले तर एका चित्राचे झाले सुमारे 62 लाख बाइट, म्हणजे साधारण सहा एमबी. चित्रपटात सेकंदाला 24 चित्रं. दोन तासांचा हिशेब भाचीने स्वतः केला आणि उत्तर आलं हजार जीबीपेक्षा जास्त. "एवढं तर आपल्या मोबाइलमध्ये मावणार नाही!" बरोबर. आणि घरच्या साध्या इंटरनेटमधून वेळेवर येणारही नाही.

म्हणून तो दाबून लहान करतात. कसा, ते कळायला चित्र थांबवून एकेक चित्र पुढे सरकवून बघावं. दोन माणसं ओसरीवर बसून बोलताहेत. या चित्रात आणि पुढच्या चित्रात काय बदललं? ओठ हलले, हात थोडा उचलला गेला. मागची भिंत, दार, तुळशीवृंदावन जसंच्या तसं. मग भिंत पुन्हा कशाला लिहायची? एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त काय बदललं, काय कुठे सरकलं एवढीच नोंद ठेवायची. शिवाय जे बारकावे माणसाच्या डोळ्याला जाणवत नाहीत, ते सरळ गाळून टाकायचे. 2003 साली आलेली एच.264 ही पद्धत हेच करते, आणि तिच्यानंतर आलेल्या पद्धती तेच काम आणखी काटकसरीने करतात. हजार जीबीचा चित्रपट अशा रीतीने साडेचार जीबीवर येतो आणि बघणाऱ्याला फारसं काही हरवल्यासारखं वाटत नाही.

मात्र ही काटकसर कुठे तोकडी पडते तेही बघण्यासारखं आहे. गणपतीच्या मिरवणुकीचं, गुलाल उधळण्याचं दृश्य लावा. गुलालाचा कण न् कण प्रत्येक चित्रात जागा बदलतो. काहीच सारखं राहत नाही, सगळंच नव्याने लिहावं लागतं आणि वाट्याला आलेले बाइट पुरत नाहीत. मग चित्रात चौकोन-चौकोन दिसू लागतात. धो धो पाऊस, धूर, लग्नात उधळलेल्या अक्षता, सगळीकडे तीच गत. भाचीला हे इतकं आवडलं, की नंतर बराच वेळ ती चित्रपटाऐवजी चौकोनच शोधत होती.

एवढ्यावर काम संपत नाही. कंपनी एकाच चित्रपटाच्या अशा अनेक प्रती करते: एक मोबाइलच्या हलक्या नेटवर्कसाठी, एक मध्यम, एक उत्तम. प्रत्येक प्रत ठराविक सेकंदांवर कापतात. समजा सहा सेकंदांचा तुकडा, तर दोन तासांच्या चित्रपटाचे झाले बाराशे तुकडे. कापताना एक पथ्य पाळतात: प्रत्येक तुकड्याची सुरुवात पूर्ण लिहिलेल्या चित्राने करायची. म्हणजे आधीचा तुकडा हाताशी नसला तरी हा आपला आपण उलगडतो. यामुळेच सातशेवा तुकडा उत्तम प्रतीतला आणि सातशे एकावा मध्यम प्रतीतला घेतला तरी जोड लागतो. आपण बोटाने एकदम शेवटच्या मारामारीवर उडी मारतो ना, तेही याच्याच जोरावर. एक तास दहा मिनिटांवर जायचं म्हणजे 4200 सेकंद, भागिले सहा, सातशे. अॅप सरळ सातशे एकावा तुकडा मागतं. मधले कुणी आणतच नाही.

या सगळ्या तुकड्यांची यादी असलेली एक छोटी फाइल असते आणि बटण दाबल्यावर चित्रपटाच्या आधी ती येते. अॅपलने 2009 मध्ये आणलेल्या पद्धतीत ती साधारण अशी दिसते:

```
#EXTM3U
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=1400000,RESOLUTION=842x480
480p.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=2800000,RESOLUTION=1280x720
720p.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=5000000,RESOLUTION=1920x1080
1080p.m3u8
```

घाबरण्यासारखं यात काही नाही. तीन प्रती आहेत. पहिलीला सेकंदाला चौदा लाख बिट लागतात, दुसरीला अठ्ठावीस लाख, तिसरीला पन्नास लाख. आपल्या इंटरनेट प्लॅनच्या भाषेत 1.4, 2.8 आणि 5 एमबीपीएस. प्रत्येक प्रतीच्या खाली तिच्या तुकड्यांची यादी कुठे मिळेल ते लिहिलं आहे. ही फाइल वाचून निवड करायची ती आपल्या हॉलमधल्या टीव्हीने.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि सगळा देश घरात बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागला, तेव्हा भारतातल्या व्हिडिओ कंपन्यांनी काही आठवडे मोबाइल नेटवर्कवर 480 च्या वरचा दर्जा देणं थांबवलं होतं. त्यासाठी चित्रपटांना हात लावायची गरज नसते. यादीतल्या वरच्या दर्जाच्या ओळी दाखवायच्या नाहीत, की अॅप त्या मागूच शकत नाही.

आता निवड कशी होते ते प्रत्यक्ष आकड्यांत बघू. पाच एमबीपीएसच्या प्रतीचा सहा सेकंदांचा तुकडा म्हणजे 30 मेगाबिट. घरात 20 एमबीपीएस मिळत असतील तर तो दीड सेकंदात येतो आणि बघायला सहा सेकंद लागतात. साडेचार सेकंदांची बचत. असे तुकडे येत गेले की शिल्लक साठत जाते. पुरेशी साठली की अॅप थांबतं आणि थोडी खर्च झाली की पुन्हा मागतं. भाचीने पाहिलेल्या त्या उतरत्या-उडत्या आकड्याचं कारण हेच.

आता समजा संध्याकाळ झाली. दादाने गेम डाउनलोडला लावला, बाबांची ऑफिसची मीटिंग सुरू झाली आणि टीव्हीच्या वाट्याला तीनच एमबीपीएस उरले. तोच 30 मेगाबिटचा तुकडा यायला आता दहा सेकंद लागतात, बघून होतो सहात. दर तुकड्यामागे चार सेकंदांचा तोटा. शिल्लक तीस सेकंदांची असेल तर सात-आठ तुकड्यांत ती संपणार आणि गोल फिरणार. पण अॅप तोवर वाट बघत नाही. तुकडा उशिरा आल्याचं लक्षात येताच ते हिशेब मांडतं. 2.8 ची प्रत घेतली तर 5.6 सेकंद लागतील, म्हणजे जेमतेम. 1.4 ची घेतली तर 2.8 सेकंद, निवांत. बहुतेक अॅप असा प्रसंग आला की सावध होऊन खालची प्रत उचलतात, शिल्लक पुन्हा भरतात आणि मग एकेक पायरी वर चढतात. आपल्याला दिसतं ते एवढंच, की चित्र एकाएकी पुसट झालं आणि मिनिटभराने पुन्हा स्वच्छ झालं. ताई याला "टीव्हीची काच खराब झाली" म्हणायची. तिच्या लेकीने तिला आता ही वही दाखवली आहे.

क्रिकेटच्या थेट सामन्यात मात्र हे अॅप हतबल असतं. पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नाही, तर साठवणार काय? त्यामुळे शिल्लक मुद्दाम छोटी ठेवावी लागते आणि तरीही तुकडा तयार करून पोचवायला वेळ लागतोच. शेजारी डिशवर सामना बघणारे काका "आउट!" म्हणून ओरडतात तेव्हा आपल्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावतोय, याला इलाज नाही. शेवटच्या षटकात एक तर खिडकी लावून घ्यावी, नाही तर काकांकडे जाऊन बसावं.

राहिला मूळ प्रश्न. अमेरिकेतून किती वेळ लागतो? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत मागणी जाऊन उत्तर परत यायला, समुद्राखालच्या केबलचे वळसे धरून, सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. वेळ तशी क्षुल्लकच. अडचण गर्दीची आहे. एका शहरात रात्री नऊ वाजता दहा हजार घरांत तोच नवा चित्रपट लागला आणि प्रत्येकाला पाच एमबीपीएस हवे असले तर पन्नास हजार एमबीपीएस होतात. तेच तुकडे दहा हजार वेळा समुद्र ओलांडणार? हे कुणाच्याच खिशाला परवडणारं नाही.

म्हणून लोक ज्या चित्रपटांवर उड्या टाकणार, ते आधीच जवळ आणून ठेवतात. नेटफ्लिक्सचं उदाहरण घेऊ. या कंपनीने 2011 च्या सुमारास स्वतःच्या खास पेट्या बनवायला घेतल्या. आत फार काही नाही, भरपूर साठवण आणि जलद नेटवर्क. या पेट्या ती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या इमारतींत आणि नेटवर्क जिथे एकमेकांना जोडली जातात अशा ठिकाणी ठेवते. उद्या कुठे काय बघितलं जाईल याचा अंदाज बांधून, लोक झोपलेले असताना त्या भरून घेते. तुम्ही बटण दाबता तेव्हा "हा माणूस कोण, पैसे भरलेत का, कुठल्या पेटीकडे पाठवायचं" एवढी बोलणी दूरच्या सर्व्हरशी होतात. एकदा पत्ता मिळाला की तुकडे जवळच्या पेटीतून यायला लागतात. गुगल आणि इतरांच्याही अशाच सोयी आहेत. साताऱ्यात बसून बघितलेला चित्रपट बहुधा पुण्या-मुंबईच्या पलीकडून आलेला नसतो.

"म्हणजे अमेरिकेतून येतच नाही?" भाची जरा हिरमुसलीच. येतो की, पण रात्री, एकदाच, सगळ्यांसाठी मिळून. आणि कुणी न बघितलेला एखादा जुना चित्रपट तुम्ही उकरून काढलात तर तो जवळच्या पेटीत नसतो, दूरवरून आणावा लागतो. सुरू व्हायला अंमळ उशीर लागतो तो अशांनाच.

शेवटचा टप्पा आपल्या गल्लीतला, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. पेटीतून निघालेला तुकडा सलग येत नाही. जास्तीत जास्त सुमारे दीड हजार बाइटची पाकिटं करून तो येतो. आपला 30 मेगाबिटचा तुकडा म्हणजे अडीच हजारांहून जास्त पाकिटं. प्रत्येकावर क्रमांक असतो. एखादं हरवलं तर तेवढंच पुन्हा मागवतात, पण त्यात वेळ जातो. खांबावरून आलेली फायबर घरातल्या छोट्या डब्यात शिरते. त्या डब्यावर `LOS` लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला की समजावं, प्रकाशच पोचत नाही: तंतू कुठेतरी तुटला आहे, फार वाकला आहे किंवा उंदराने कुरतडला आहे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काहीही होत नाही. फायबर जोडणाऱ्या माणसालाच बोलवावं लागतं.

`LOS` विझलेला असूनही चित्र पुसट होत असेल तर संशय वायफायवर घ्यावा. ताईकडे राउटर आतल्या खोलीत, कपाटाच्या वर होता आणि टीव्ही हॉलमध्ये, मधे दोन जाड भिंती. भाचीने मोबाइल राउटरजवळ धरून `fast.com` उघडलं. हे नेटफ्लिक्सचंच वेगमापक आहे आणि ते कंपनीच्या सर्व्हरवरून वेग मोजतं. मग तेच टीव्हीजवळ जाऊन केलं. राउटरपाशी प्लॅनमध्ये लिहिलेला वेग जवळपास पूर्ण मिळत होता, टीव्हीपाशी त्याचा दहावा हिस्साही नव्हता. टीव्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला होता. इमारतीतल्या सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यावर गर्दी करतात, मायक्रोवेव्हही तिथेच ढवळाढवळ करतो. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर थकतो. दोन्हींवर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत साधी लॅनची वायर ओढणं.

फुल एचडी चित्रपटाला नेटफ्लिक्स स्वतः पाच एमबीपीएस पुरेसे धरतं आणि फोर-केला पंधरा. चित्र अडकतंय म्हणून शंभरचा प्लॅन दोनशेचा करण्याआधी मोबाइल घेऊन एकदा राउटरपाशी आणि एकदा टीव्हीपाशी वेग मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर वाढीव प्लॅनचे पैसे वाया जातील. त्याऐवजी वायर आणा, ती बरीच स्वस्त पडते.